शंभरचा स्टॅम्प आणि कोट्यवधींचा करार

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यात पेंठा नावाचे एक गाव आहे. तिथे समुद्र किनारा खात आत येतो. तो थोपवण्यासाठी जिओ-टेक्स्टाइलच्या मोठ्या नळ्या टाकून बंधारा बांधायचे ठरले. काम पुण्याच्या गरवारे वॉल रोप्स या कंपनीकडे होते आणि तिने त्यातला भाग कोस्टल मरीन कन्स्ट्रक्शन्स या कंपनीला उपकंत्राटाने दिला. पुढे दोघांचे बिनसले आणि जानेवारी 2015 मध्ये उपकंत्राट रद्द झाले. करारात वाद मिटवण्यासाठी लवाद नेमण्याचे कलम होते, म्हणून कोस्टल मरीनने मुंबई उच्च न्यायालयाकडून लवाद नेमून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा बंधारा कसा झाला, पैसे कोणाचे राहिले, करार रद्द करणे योग्य होते का, यांपैकी एकाही प्रश्नाला हात लागला नाही. प्रश्न एकच निघाला: ज्या उपकंत्राटाच्या आधाराने लवाद मागितला, त्यावर महाराष्ट्राच्या कायद्यानुसार मुद्रांक शुल्क भरले आहे का?

ते भरलेले नव्हते. 10 एप्रिल 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाची नेमणूक रद्द केली. आधी उच्च न्यायालयाने दस्त ताब्यात घ्यावा, शुल्क आणि दंड वसूल व्हावा, मगच लवादाचे बोलता येईल, असे सांगितले. शुल्काचा आकडा ठरवण्याचे काम मुद्रांक खात्याने शक्यतो 45 दिवसांत उरकावे, असेही न्यायालयाने नमूद केले. करार तुटून तोवर चार वर्षे उलटली होती.

बाजारात रोज असंख्य करार होतात. मालवाहतुकीचे, वितरणाचे, सल्लागारीचे, दुकान भाड्याने देण्याचे. त्यांतले बरेचसे एकाच चालीने होतात. कोपऱ्यावरच्या स्टॅम्प वेंडरकडून शंभरचा, हल्ली पाचशेचा, कागद आणायचा, त्यावर टाइप करायचे, खाली दोन सह्या आणि दोन साक्षीदार. ‘स्टॅम्पवर केलंय’ एवढ्या भरवशावर फाइल बंद होते. तो स्टॅम्प पुरेसा आहे का, हा प्रश्न भांडण उभे राहीपर्यंत कोणी विचारत नाही, आणि भांडण उभे राहिल्यावर तो विचारणारा पहिला माणूस समोरच्या पक्षाचा वकील असतो.

मुद्रांक शुल्क हा दस्तावरचा कर आहे. देशाचा भारतीय मुद्रांक कायदा 1899 चा, तर महाराष्ट्राचा स्वतःचा मुद्रांक अधिनियम 1958 चा. कोणत्या दस्तावर किती शुल्क, हे त्याला जोडलेल्या अनुसूचीत दिले आहे. तिथे दस्ताचे नाव बघत नाहीत, आतला मजकूर बघतात. कागदावर ‘सामंजस्य करार’ असे लिहिले आणि आत पैशाच्या मोबदल्यात सेवा देण्याचे बंधन घातले, तर शुल्क त्या बंधनानुसार लागते. साध्या व्यापारी करारांपैकी बरेच अनुच्छेद 5 च्या एका पोटकलमात येतात. ज्यात पैशात मोजता येईल असे हक्क किंवा बंधने निर्माण होतात आणि ज्याला अनुसूचीत दुसरी जागा नाही, असा करार तिथे बसतो. दहा लाखांपर्यंतच्या रकमेला हजारी एक रुपया आणि त्याहून मोठ्या रकमेला हजारी दोन रुपये, असा तिथला दर. बांधकाम-कंत्राट, कर्जाचे तारण, भाडेपट्टा यांना मात्र वेगळे अनुच्छेद आणि वेगळे दर आहेत. दुकान किंवा ऑफिस लीव्ह अँड लायसन्सने द्यायचे असेल, तर पूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांची बेरीज करून तिच्या पाव टक्का शुल्क भरावे लागते.

शुल्क कधी भरायचे, हेही कायद्याने ठरवून दिले आहे: सहीच्या आधी, सही करताना किंवा फार तर सहीनंतरच्या कामकाजाच्या पहिल्या दिवशी. पीडीएफवर डिजिटल सही करून ई-मेलने पाठवलेला करार यातून सुटतो, असा एक गोड गैरसमज नव्या उद्योगांमध्ये आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक नोंदही दस्तच आहे.

आता न्यायालयात काय होते ते एका कल्पित पण अगदी रोजच्या उदाहरणातून पाहू. समजा, नाशिकच्या एका गोदामवाल्याने 10 जानेवारी 2022 रोजी एका वाहतूकदाराशी वर्षभर माल वाहून देण्याचा करार केला. ठरलेली एकूण रक्कम साठ लाख. करार शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला. त्यात उशिरा दिलेल्या पैशावर दरसाल अठरा टक्के व्याज, करार मोडायचा असेल तर नव्वद दिवसांची नोटीस आणि नोटीस न दिल्यास ठरावीक भरपाई अशी कलमे होती. काही महिन्यांनी गोदामवाल्याने अचानक गाड्या बंद केल्या आणि चौदा लाखांची बिले थकवली. वाहतूकदार वाणिज्यिक न्यायालयात गेला. जुलै 2024 मध्ये त्याची साक्ष सुरू झाली आणि त्याने मूळ करार पुढे केला.

गोदामवाल्याचा वकील उठला आणि म्हणाला की हा दस्त पुरेशा मुद्रांकाचा नाही. इथे न्यायाधीशांपुढे फारसा पर्याय नसतो. कलम 33 सांगते की असा दस्त समोर आला तर तो अटकावून ठेवायचा, म्हणजे कोर्टाच्या ताब्यात घ्यायचा. समोरच्याने आक्षेप घेतला नसता तरी हे काम न्यायाधीशांचेच होते. कलम 34 सांगते की योग्य मुद्रांक नसलेला दस्त कोणत्याही कारणासाठी पुराव्यात घेता येणार नाही आणि त्यावर कार्यवाहीही करता येणार नाही.

‘कोणत्याही कारणासाठी’ हे शब्द वकिलांनाही कधी कधी नीट उमगत नाहीत. नोंदणी न झालेला दस्त काही दुय्यम कारणांसाठी वाचता येतो; उदाहरणार्थ, जागेचा ताबा कोणत्या नात्याने होता एवढे दाखवायला. मुद्रांकाच्या बाबतीत ती सवलतही नाही. डिसेंबर 2008 मध्ये अविनाश कुमार चौहान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. मूळ व्यवहारासाठी असो की आनुषंगिक गोष्टीसाठी, शुल्क भरेपर्यंत कागद बंदच राहतो.

मग वाहतूकदाराने करार बाजूला ठेवून तोंडी साक्ष द्यावी का? ‘आमचे अठरा टक्के व्याज ठरले होते’ असे शपथेवर सांगावे का? इथे दुसरा दरवाजाही बंद होतो. व्यवहाराच्या अटी एकदा लेखी झाल्या, की त्या सिद्ध करायला तो लेखच लागतो, तोंडी पुरावा चालत नाही. हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 91 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम 94 मध्ये आहे. अपुऱ्या मुद्रांकाची खरी इजा इथे होते. कागद बोलू शकत नाही आणि कागदाऐवजी माणसाला बोलता येत नाही. वाहतूकदाराकडे गाड्यांच्या पावत्या, बिले, बँकेतल्या नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रे आहेत. त्यांच्या जोरावर काम झाले आणि त्याचे पैसे राहिले, एवढे तो कदाचित दाखवू शकेल. पण अठरा टक्के व्याज, नव्वद दिवसांची नोटीस, ठरलेली भरपाई, म्हणजे ज्या गोष्टींसाठी करार लिहून घेतला होता त्या सगळ्या, अटकावलेल्या कागदातच अडकून पडतात.

झेरॉक्स दाखवूनही सुटका नाही. योग्य मुद्रांक नसलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच सांगितले आहे. 2007 मध्ये हरिओम अग्रवाल यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. भारतीय मुद्रांक कायद्याखालच्या त्या निर्णयानुसार छायाप्रत अटकावून तिच्यावर शुल्क भरून घेता येत नाही. दुरुस्त होतो तो मूळ दस्तच. म्हणून अपुऱ्या मुद्रांकाचा मूळ करार हरवलेला असेल, तर पैसे भरायची तयारी असूनही पक्षकार मोठ्या अडचणीत येतो.

नाशिकच्या वाहतूकदाराकडे मूळ करार आहे, त्यामुळे त्याला मार्ग आहे. हिशोब असा. साठ लाखांवर हजारी दोन रुपयांनी शुल्क होते 12,000 रुपये. भरले होते 100. तूट 11,900 रुपयांची. सहीच्या तारखेपासून दर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागालाही, या तुटीवर दोन टक्के दंड लागतो. म्हणजे महिन्याला 238 रुपये. तीस महिन्यांचा दंड झाला 7,140 रुपये. तूट आणि दंड मिळून 19,040 रुपये भरले की करार पुराव्यात येऊ शकतो. दंड कितीही वर्षे साचला तरी तुटीच्या चौपटीपुढे, म्हणजे इथे 47,600 रुपयांपुढे, जाऊ शकत नाही.

चौदा लाखांच्या वसुलीपुढे एकोणीस हजार ही काही मोठी रक्कम नव्हे. पण ती भरण्याची प्रक्रिया वेळ खाते. पक्षकाराने न्यायालयातच शुल्क आणि दंड भरला, तर न्यायालय दस्त पुराव्यात घेते आणि त्याची प्रमाणित प्रत रकमेच्या प्रमाणपत्रासह मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. तसे झाले नाही तर मूळ दस्तच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तिथे करार कोणत्या अनुच्छेदात बसतो, रक्कम कशी धरायची, यावर सुनावणी होते, शुल्क आणि दंड ठरतो, भरणा झाल्यावर दस्तावर तसा शेरा येतो आणि मग तो कोर्टात परततो. तोवर साक्ष थांबलेली असते. पैसे द्यायचे नसलेल्या पक्षाला एवढा वेळ पुरतो. खरे तर हा कायदा सरकारच्या तिजोरीसाठी आहे, वादातल्या एका पक्षाच्या हाती तांत्रिक हत्यार द्यायला नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये हिंदुस्थान स्टीलच्या प्रकरणातच स्पष्ट केले होते. शुल्क आणि दंड भरून शेरा मिळाला की दस्तातला दोष संपतो, हेही त्याच निकालात सांगितले आहे. तरीही तांत्रिक हत्यार म्हणून त्याचा वापर आजही होतो, हे दुर्दैव आहे.

या हत्याराची एक मर्यादा मात्र पक्की आहे. आक्षेप वेळेवर घ्यावा लागतो. दस्त पुराव्यात घेऊन त्यावर निशाणी क्रमांक पडला, की त्याच दाव्यात पुढे मुद्रांकाचा प्रश्न उकरून काढता येत नाही. जावेर चंद विरुद्ध पुखराज सुराणा या 1961 च्या प्रकरणात वाद हुंड्यांचा होता. त्या पुराव्यात दाखल होऊन गेल्या होत्या, म्हणून नंतरचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने ऐकला नाही. याच कारणाने न्यायालयांना एक वेगळी शिस्त पाळावी लागते. पुराव्यावरच्या इतर हरकती नोंदवून ठेवून निकालाच्या वेळी ठरवता येतात, पण मुद्रांकाची हरकत तिथल्या तिथे निकाली काढावी लागते. 2001 च्या बिपिन शांतिलाल पांचाळ प्रकरणात हा अपवाद न्यायालयाने आवर्जून नोंदवला आहे.

एक प्रकारचा कागद मात्र पैसे भरूनही वाचत नाही. प्रॉमिसरी नोट आणि हुंडी यांच्या शुल्काचा दर केंद्र ठरवते, आणि 1899 चा कायदा दंड भरून दोष दूर करण्याची सवलत त्यांना नाकारतो. मागणी करताच परतफेडीच्या प्रॉमिसरी नोटेवर लागणारे मुद्रांक अवघ्या काही पैशांचे असते. सहीच्या वेळी ते तिकीट लावायचे राहिले, तर पाच लाखांची नोटही पुरावा म्हणून निकामी ठरते. उधारीवर चालणाऱ्या बाजारपेठेत हा नियम प्रत्येकाला माहीत असायला हवा आणि तो फार कमी जणांना माहीत आहे.

पेंठाच्या बंधाऱ्यावरून सुरू झालेला कायद्याचा प्रश्न पुढे नागपूरच्या एका वादातून आणखी मोठा झाला. इंडो युनिक फ्लेम या कंपनीला कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनकडून कोळसा धुण्याचे काम मिळाले होते. सप्टेंबर 2015 मध्ये तिने कोळशाच्या वाहतुकीचे उपकंत्राट एन. एन. ग्लोबल मर्कंटाइलला दिले आणि अनामत म्हणून 3 कोटी 36 लाखांची बँक हमी घेतली. 2017 मध्ये तिने ती हमी वटवायला काढली तेव्हा एन. एन. ग्लोबलने नागपूरच्या वाणिज्यिक न्यायालयात दावा लावला. इंडो युनिकचे म्हणणे, करारात लवादाचे कलम आहे, वाद तिकडे पाठवा. समोरून उत्तर आले की वर्क ऑर्डरवर मुद्रांकच नाही, त्यामुळे त्यातले लवादाचे कलमही चालत नाही.

जानेवारी 2021 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गरवारे निकालाशी असहमती दाखवून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. 25 एप्रिल 2023 रोजी पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला: मुद्रांक नसलेला करार शुल्क भरेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही, म्हणून त्यातले लवादाचे कलमही नाही. या निकालाने लवादाच्या क्षेत्रात खळबळ उडाली. ज्याला वाद लांबवायचा आहे त्याने फक्त स्टॅम्पकडे बोट दाखवायचे आणि लवाद सुरूच होऊ द्यायचा नाही, अशी सोय झाली. आठ महिने पुरे व्हायच्या आत, 13 डिसेंबर 2023 रोजी, सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि गरवारे प्रकरणातली भूमिकाही मोडीत काढली.

सात न्यायमूर्तींनी केलेला भेद सामान्य व्यावसायिकानेही लक्षात ठेवण्याजोगा आहे. रद्दबातल असणे वेगळे आणि पुराव्यात न चालणे वेगळे. रद्दबातल करार मुळातच जन्मलेला नसतो. मुद्रांक नसलेला करार जन्मलेला असतो, त्यातली देणी-घेणी खरी असतात, फक्त कर चुकता होईपर्यंत न्यायासनापुढे त्याला तोंड उघडता येत नाही. हा दोष भरून काढता येतो. म्हणून लवाद नेमताना न्यायालयाने स्टॅम्पच्या वादात शिरू नये, तो प्रश्न लवादाने पाहावा, असे पीठाने ठरवले. हा निर्णय योग्य आहे, पण त्यातून चुकीचा दिलासा घेऊ नये. लवाद नेमला गेला तरी लवादालाही अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त अटकावून ठेवण्याचे बंधन आहे. शुल्क माफ झालेले नाही, ते मागणारी जागा तेवढी बदलली आहे. आणि साध्या दिवाणी दाव्यातली स्थिती होती तशीच आहे.

महाराष्ट्रातल्या व्यावसायिकांनी आणखी काही बारकाव्यांची काळजी घ्यावी. स्टॅम्प पेपर करारातल्या एखाद्या पक्षाच्याच नावाने घेतलेला असला पाहिजे. वकिलाच्या किंवा कारकुनाच्या नावाने घेतलेला कागद भरलेले शुल्क वाया घालवू शकतो. खरेदी करून सहा महिन्यांत न वापरलेला स्टॅम्प राज्याच्या कायद्यानुसार बाद होतो, म्हणून कपाटातला जुना कागद काढून करार टाइप करू नये. करार दिल्लीत किंवा बंगळुरूत सही होऊन तिथला स्टॅम्प लावून आला, पण काम किंवा मालमत्ता महाराष्ट्रात असली, तर इथे वापरताना दोन्ही राज्यांच्या दरांतला फरक भरावा लागू शकतो. आणि दुकानाचा लीव्ह अँड लायसन्स करार असेल तर शुल्काबरोबर नोंदणीही हवी. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी खरे धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो.

रक्कम मोठी आहे आणि करार कोणत्या अनुच्छेदात बसतो याची शंका आहे, तर अंदाजाने शंभर-पाचशेचा कागद लावण्यापेक्षा दस्त अभिनिर्णयासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावा. कलम 31 खाली सही करण्याआधी किंवा सहीनंतर महिनाभराच्या आत ते शुल्क ठरवून देतात. ते भरले की दस्तावर तसे प्रमाणपत्र मिळते, आणि त्या शेऱ्याच्या दस्तावर पुढे स्टॅम्पची हरकत टिकत नाही. ज्यांच्या कपाटात आजच शंभरच्या कागदावरचे लाखांचे करार पडून आहेत, त्यांनी ते काढून एकदा वकिलाला दाखवावेत. वाद उभा राहण्याआधी स्वतःहून तूट भरता येते, आणि थांबलेल्या प्रत्येक महिन्याला त्या तुटीवर आणखी दोन टक्के चढतात.